तक्त्यातली शेवटची ओळ

गेल्या सत्राच्या वह्या तपासताना एक वही मी बाजूला काढून ठेवली. तिच्यातलं उत्तर बरोबर होतं. पडद्यावर काय छापलं जाईल ते आकडे बरोबर होते, त्यांचा क्रम बरोबर होता, शेवटी छापला जाणारा शब्दही बरोबर होता. फक्त तक्त्यात एक ओळ कमी होती. ती ओळ नसल्यामुळे वही लिहिणाऱ्या मुलीला प्रोग्राममध्ये मुद्दाम ठेवलेली चूक दिसली नव्हती. प्रश्नाच्या दुसऱ्या भागात विचारलं होतं, ‘हा प्रोग्राम कोणत्याही संख्येसाठी बरोबर चालेल का?’ आणि तिने ठामपणे ‘हो’ लिहिलं होतं.

ही ओळ कोणती आणि ती इतकी का महत्त्वाची, हे समजून घ्यायला संगणक यायची गरज नाही. चौथीपर्यंतचा भागाकार पुरतो. कॉलेजांत येणाऱ्या भरतीच्या लेखी परीक्षेत असे प्रश्न सर्रास असतात, शाळांतही ते आता येऊ लागले आहेत. त्यामुळे घरात कुणी ना कुणी अशा तक्त्याशी झटत बसलेलं असतंच.

स्यूडोकोड म्हणजे प्रोग्रामचा कच्चा आराखडा. तो कुठल्याही एका संगणकीय भाषेत नसतो, पण पायऱ्या इतक्या स्पष्ट असतात की माणसाने कागदावर तो जसाच्या तसा चालवून पाहावा. या कागदावर चालवण्याला ड्राय रन म्हणतात, आणि ते करताना जो तक्ता भरतात तो ट्रेस टेबल. प्रत्येक नावासाठी एक रकाना करायचा आणि त्या नावाची किंमत बदलली की खाली नवी किंमत लिहायची.

उदाहरणाला मी ६१७४ ही संख्या घेतो. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली या संख्येचा एक विलक्षण गुण जगापुढे मांडला, तो पुढे येईलच. त्यांनीच आणखी एका प्रकारच्या संख्यांना ‘हर्षद’ असं नाव दिलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. ६१७४च्या अंकांची बेरीज ६ + १ + ७ + ४ म्हणजे १८, आणि ६१७४ला १८ने भागलं की बरोबर ३४३ येतात, बाकी शून्य. म्हणजे ६१७४ हर्षद आहे. वहीतला प्रोग्राम हेच तपासत होता:

```
n ← 6174
total ← 0
WHILE n > 0
    d ← n MOD 10
    total ← total + d
    n ← n DIV 10
    PRINT total
ENDWHILE
IF n MOD total = 0 THEN
    PRINT "HARSHAD"
ELSE
    PRINT "NO"
ENDIF
```

डावीकडे वळलेला बाण म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवणे. `MOD` म्हणजे भागाकारातली बाकी. `DIV` म्हणजे भागाकार, पण अपूर्णांक टाकून. ६१७४ला १०ने भागलं तर भागाकार ६१७ आणि बाकी ४. म्हणजे `MOD 10` एकक स्थानचा अंक हातात देतं आणि `DIV 10` तो अंक संख्येतून खुडून टाकतं. `WHILE` म्हणजे ‘जोपर्यंत’. जोपर्यंत `n` शून्यापेक्षा मोठा आहे, तोपर्यंत `ENDWHILE`पर्यंतच्या ओळी पुन्हा पुन्हा करायच्या. एकदा त्या सगळ्या ओळी करून झाल्या की एक फेरी झाली.

आता तक्ता. माझा आग्रह असा की नावांच्या रकान्यांआधी एक रकाना अटीसाठी असावा. पुष्कळ छापील प्रश्नपत्रिकांतल्या तक्त्यात तो दिलेला नसतो, तरी समासात आखून घ्यावा.

| फेरी | अट | `d` | `total` | `n` | छापलं |
|---|---|---|---|---|---|
| सुरुवात | | | ० | ६१७४ | |
| १ | ६१७४ > ० खरी | ४ | ४ | ६१७ | ४ |
| २ | ६१७ > ० खरी | ७ | ११ | ६१ | ११ |
| ३ | ६१ > ० खरी | १ | १२ | ६ | १२ |
| ४ | ६ > ० खरी | ६ | १८ | ० | १८ |
| | ० > ० खोटी | | | | |

पहिल्या फेरीत संगणक अटीपाशी येतो, `n` ६१७४ आहे, अट खरी, म्हणून तो आत शिरतो. बाकी ४ निघते, ती बेरजेत पडते, संख्या ६१७ होते, आणि बेरीज म्हणून ४ छापले जातात. `ENDWHILE` आला की तो उडी मारून पुन्हा वर, अटीपाशी जातो. दुसऱ्या फेरीत ७, तिसऱ्या फेरीत १, चौथीत ६.

चौथ्या फेरीपाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त गुण इथे जातात. या फेरीत `n ← n DIV 10` ही ओळ झाली की `n` शून्य होतो. लूपची अट तर ‘`n` शून्यापेक्षा मोठा असेल तोवर’ अशी आहे. पुष्कळ मुलांना वाटतं की अट मोडली त्या क्षणी लूप थांबला, म्हणजे खालची `PRINT` होणार नाही. ते आउटपुटमध्ये ४, ११, १२ लिहून थांबतात आणि १८ सोडून देतात. पण `WHILE`ची अट दर ओळीला कुणी तपासत बसत नाही. ती फक्त दाराशी तपासली जाते, एकदा आत शिरलं की फेरी पूर्ण होईपर्यंत कुणी हटकत नाही. म्हणून `n` शून्य झाल्यावरही १८ छापले जातात, `ENDWHILE` येतो, संगणक वर जातो, ‘० > ०’ असं विचारतो, ‘नाही’ हे उत्तर मिळतं आणि तेव्हा कुठे तो लूप सोडतो. ‘लूप नेमका कुठे थांबला’ या प्रश्नाचं उत्तर ‘`n` शून्य झाला तिथे’ हे नाही. पाचव्यांदा अट तपासली गेली, तिथे तो थांबला.

फेऱ्या चार, पण अटीची तपासणी पाच वेळा. लूपच्या आतून मधेच बाहेर पडायची सोय प्रोग्रामात नसेल, तर हे नातं कधीच बदलत नाही. जितक्या फेऱ्या, त्याहून तपासण्या एकने जास्त, कारण शेवटची तपासणी नकार देण्यासाठीच असते. भरलेल्या तक्त्यात अटीच्या रकान्यातल्या नोंदी मोजाव्यात. त्या फेऱ्यांइतक्याच असतील तर तक्ता अपुरा आहे.

बाजूला काढलेल्या वहीत नेमकी हीच शेवटची, खोट्या अटीची ओळ नव्हती. मुलीने १८ छापले होते, खाली `HARSHAD` लिहिलं होतं आणि रेघ मारली होती. मी तिला बोलावून विचारलं, “`IF`च्या ओळीवर तू पोहोचलीस तेव्हा `n` किती होता?”

“६१७४, सर. ६१७४ भागिले १८, बाकी शून्य. म्हणून हर्षद.”

“तक्त्यात बघून सांग.”

तिने बोट `n`च्या रकान्यावरून खाली नेलं. ६१७, ६१, ६, ०. बोट शून्यावर थांबलं. मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

लूप संपल्यावर `IF` जो `n` वापरतो, तो ६१७४ नाही. त्या संख्येचे अंक लूपने एकेक करून खुडून टाकलेले आहेत, उरला आहे शून्य. संगणक विचारतो, ० भागिले १८, बाकी किती? बाकी शून्य. म्हणून तो `HARSHAD` छापतो. उत्तर बरोबर आलं ते ६१७४ खरोखरच हर्षद आहे म्हणून, प्रोग्राम बरोबर आहे म्हणून नव्हे. सुरुवातीला ६१७३ देऊन पाहा. अंक ३, ७, १, ६ या क्रमाने निघतात, ३, १०, ११, १७ छापले जातात, आणि लूप पुन्हा `n` शून्य असतानाच सुटतो. ० भागिले १७, बाकी शून्य. पडद्यावर `HARSHAD`. खरं पाहता १७ गुणिले ३६३ केले तर ६१७१ होतात, म्हणजे ६१७३ला भागल्यावर २ उरतात आणि ती संख्या हर्षद नाही. हा प्रोग्राम शून्याहून मोठ्या कोणत्याही पूर्ण संख्येला हर्षद ठरवील.

खोट्या अटीची ओळ लिहायचा माझा आग्रह यासाठी आहे. लूप ज्या किमतींवर थांबतो, त्याच किमती पुढच्या ओळींच्या वाट्याला येतात. ती ओळ लिहिली की हात आपोआप विचारतो, आता `d` किती, `total` किती, `n` किती? उत्तरं आहेत ६, १८ आणि ०. ती लिहिली नाही, तर डोक्यात घोळत असलेली सुरुवातीची संख्याच आपण पुढे वापरतो, जशी त्या मुलीने वापरली. डोकं हुशार असतं म्हणूनच हे होतं. प्रोग्रामने काय करायला हवं होतं हे ते आधीच ओळखतं आणि कागदावर काय झालं ते वाचायचं सोडून देतं.

आता `PRINT`च्या जागेबद्दल. वरच्या लूपमध्ये ती ओळ सगळ्यात खाली आहे, म्हणून प्रत्येक फेरीत वाढलेली बेरीज छापली जाते: ४, ११, १२, १८. तीच ओळ उचलून `WHILE`च्या लगेच खाली ठेवली, तर प्रत्येक फेरीत आधीची बेरीज छापली जाईल: ०, ४, ११, १२. फेऱ्या तितक्याच, थांबण्याची जागा तीच, शेवटी `total`ची किंमतही १८च, पण १८ कधी छापले जात नाहीत. म्हणून ‘छापलं’ हा रकाना सगळ्या किमती भरून झाल्यावर एकगठ्ठा भरू नये. `total`चा रकाना उतरवून काढला की आउटपुट तयार, असं मुलं समजतात, आणि वरच्या जागेवरच्या `PRINT`ला ते हमखास फसतं. `PRINT` ज्या क्षणी येते त्याच क्षणी पेन त्या रकान्यात गेलं पाहिजे.

अटीतल्या एका चिन्हाने काय होतं ते पाहण्यासाठी लूप तसाच ठेवू, `PRINT` शेवटी, संख्या ६१७४, आणि फक्त अटीची ओळ बदलू. समजा अट अशी आहे:

```
WHILE total < 12
```

तपासणीच्या वेळी `total` अनुक्रमे ०, ४, ११ आणि १२ असतो. पहिल्या तीन वेळा अट खरी, चौथ्या वेळी १२ < १२ खोटी. फेऱ्या तीन, आणि छापले जातात ४, ११, १२. इथे वर्गात दरवेळी कुणीतरी हात वर करतं: अट बाराहून कमी अशी असताना १२ कसे छापले? छापले, कारण तिसऱ्या फेरीत शिरताना `total` ११ होता. अट आत शिरतानाची किंमत बघते, आत काय छापलं जाईल यावर तिचा ताबा नसतो. आणि थांबताना `n` ६ आहे. संख्येतला एक अंक अजून शिल्लक राहिला.

त्याच अटीत बरोबरचं चिन्ह घाला, `total <= 12`. आता चौथ्या तपासणीला १२ <= १२ खरी ठरते, आणखी एक फेरी होते, १८ छापले जातात आणि १८ <= १२ खोटी ठरल्यावर लूप सुटतो. फेऱ्या चार, `n` शून्य. अशा सीमेवर, जिथे किंमत अटीतल्या आकड्याला बरोबर भिडते, तिथे तक्त्यातली तपासणी मनात न करता अक्षरशः लिहून काढावी: ‘१२ <= १२ खरी’. लिहिताना चिन्ह पुन्हा एकदा डोळ्यांखालून जातं.

अट आणखी एकदा बदलू. चिन्ह `<>` म्हणजे ‘च्या बरोबर नसेल तोवर’.

```
WHILE total <> 10
```

सुरुवातीची संख्या ६१७३ असती तर बेरीज ३ झाली असती, मग १०, आणि दोन फेऱ्यांत लूप थांबला असता. पण आपली संख्या ६१७४ आहे. बेरीज ४ होते आणि पुढच्या फेरीत थेट ११. दहाला ती शिवतही नाही. मग १२, मग १८, आणि `n` शून्य. तरीही १८ काही १० नाही, म्हणून पाचवी फेरी सुरू होते. ०ला १०ने भागून बाकी ०, बेरीज १८ + ० म्हणजे १८च, भागाकार ०, छापले १८. सहावी फेरीही तशीच, सातवीही. पडद्यावर १८ खाली १८ पडत राहतात.

हा लूप थांबणार नाही असं किती फेऱ्यांनंतर म्हणता येईल? ‘दहा फेऱ्या केल्या तरी थांबला नाही’ हे कारण म्हणून पुरेसं नाही, कारण कदाचित अकराव्या फेरीत थांबेल. पण तक्ता इथे पक्का पुरावा देतो. चौथ्या फेरीनंतर अटीपाशी पोहोचताना `total` १८ आणि `n` ० होता. पाचव्या फेरीनंतरही `total` १८ आणि `n` ० आहे. प्रोग्रामात बाहेरून काही येत नाही, यादृच्छिक आकडा नाही, आणि `d`ची जुनी किंमत कुठेच वापरली जात नाही, ती दर फेरीत नव्याने भरली जाते. ज्या किमतींवर पुढचं सगळं अवलंबून आहे त्या सगळ्या जर अटीपाशी पुन्हा तशाच आल्या, तर पुढे घडणारंही तेच असणार, आणि त्याच्या पुढेही तेच. म्हणजे एक ओळ पुन्हा आली की लूप अनंत आहे असं खात्रीने लिहावं आणि पेन खाली ठेवावं. मात्र सगळ्या किमती जुळायला हव्यात. एकटा `total` पुन्हा तोच आला म्हणून निकाल देता येत नाही. १००८ ही संख्या मूळ लूपमध्ये घातली तर मधल्या दोन शून्यांमुळे बेरीज तीन ओळी ८च राहते, पण `n` बदलत असतो आणि लूप व्यवस्थित थांबतो.

कोणताही प्रोग्राम थांबेल की नाही हे सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६च्या कामातून सिद्ध झालं आहे. पण समोरच्या एखाद्या छोट्या लूपबद्दल सांगता येतं. थांबणार असेल तर तक्ता खोट्या अटीपर्यंत पोहोचतो, आणि किमती एका चक्रात अडकल्या असतील तर ओळ पुन्हा दिसते. किमती न संपता वाढतच जाणार असतील तर मात्र तक्ता एकटा पुरत नाही, तिथे वेगळं कारण शोधावं लागतं.

कापरेकरांची ६१७४ ही याच गोष्टीचं सुंदर उदाहरण आहे. चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा आणि मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४वर तेच केलं तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. ओळ पुन्हा आली, आता इथून पुढे दुसरं काही येणार नाही. ‘उत्तर ६१७४ नसेल तोवर’ अशी अट घालून हा लूप लिहिला तर ३५२४साठी तो तीन फेऱ्यांत थांबतो, आणि सातपेक्षा जास्त फेऱ्या कधीच लागत नाहीत. अपवाद आहे तो चारही अंक सारखे असण्याचा. ११११ वजा ११११ शून्य, पुढच्या फेरीत ०००० वजा ०००० पुन्हा शून्य. ओळ पुन्हा आली, पण ६१७४वर नव्हे, शून्यावर. हा लूप कधीच सुटणार नाही. म्हणूनच कापरेकरांची ही रीत सांगताना ‘सगळे अंक सारखे नसावेत’ ही अट आधी सांगावी लागते.

भरलेला तक्ता पुन्हा पहिल्यापासून न भरता तपासायची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक लूपमध्ये सहसा एखादी गोष्ट फेरीगणिक बदलत नाही, ती शोधायची. आपल्या मूळ लूपमध्ये अंक `n`मधून निघतात आणि `total`मध्ये पडतात, वाटेत हरवत नाहीत. म्हणून अटीपाशी कधीही पाहिलं तरी `total` आणि `n`मध्ये उरलेल्या अंकांची बेरीज मिळून १८च व्हायला हवेत. सुरुवातीला ० आणि ६ + १ + ७ + ४. पहिल्या फेरीनंतर ४ आणि ६ + १ + ७ म्हणजे १४. मग ११ आणि ७, १२ आणि ६, शेवटी १८ आणि ०. प्रत्येक वेळी १८.

ही तपासणी कुठे उपयोगी पडते ते सांगतो. ६१७ला १०ने भागल्यावर ६१.७ येतात, आणि पुष्कळ मुलं सवयीने ते जवळच्या पूर्णांकात, म्हणजे ६२ करतात. `DIV` असं करत नाही, ते अपूर्णांक नुसता टाकून देतं. पण समजा ६२ लिहिले. तर दुसऱ्या ओळीत `total` ११ आणि उरलेले अंक ६ + २ म्हणजे ८, मिळून १९. चूक त्याच ओळीत उघडी पडते. अन्यथा पुढचं सगळं गणित अचूक करूनही शेवटी १९ छापले गेले असते आणि चूक कुठे शिरली ते शोधायला पूर्ण तक्ता पुन्हा करावा लागला असता.

आता ती वहीतली चूक दुरुस्त करू. मूळ संख्या हातची जाऊ द्यायची नाही, तिची प्रत करून अंक प्रतीतून काढायचे.

```
m ← n
WHILE m > 0
    d ← m MOD 10
    total ← total + d
    m ← m DIV 10
    PRINT total
ENDWHILE
IF n MOD total = 0 THEN
```

तक्त्यात आता एक रकाना वाढला. खोट्या अटीच्या ओळीवर `m` शून्य आहे, `total` १८ आहे आणि `n` अजून ६१७४ आहे. `IF`ला हवी ती संख्या मिळते. ६१७३ दिली तर `n` ६१७३च राहतो, १७ने भागून बाकी २ उरते आणि `NO` छापलं जातं.

त्या मुलीने घरून हे दुरुस्त करून आणलं, आणि सोबत स्वतःहून आणखी एक तक्ता आणला, तीन ओळींचा. तिने सुरुवातीला `n`मध्ये शून्य ठेवला होता. पहिलीच तपासणी ० > ० खोटी. एकही फेरी नाही, `d`मध्ये काहीच नाही, छापलेलं काही नाही, `total` शून्यच. मग `IF`वर येऊन ० भागिले ०. या ओळीवर प्रोग्राम चूक दाखवून बंद पडतो, आणि तक्त्याखाली तिने तसंच लिहिलं होतं: ‘लूप पहिल्या तपासणीला थांबला, प्रोग्राम `IF`वर थांबला.’ दोन्ही जागा अचूक होत्या.